जावक अप्पा

मंडळ म्हटलं की एक अध्यक्ष असतो, जो फोटोत असतो. एक सेक्रेटरी असतो, जो फोनवर असतो. आणि एक जावक अप्पा असतात. त्यांचं खरं आडनाव आमच्या डोंबिवलीतल्या मंडळात दोघातिघांनाच ठाऊक असावं. पंचायत समितीच्या जावक टेबलावर त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ते टेबल तिथेच राहिलं, पण स्वभाव घरी आला. जावक क्रमांक नसलेला कागद अप्पांच्या लेखी कागदच नव्हे. नातीच्या शाळेला दिलेल्या रजेच्या अर्जावरही त्यांनी क्रमांक घातला होता आणि त्याची स्थळप्रत फायलीला लावली होती.

एरवी मंडळात अप्पांना कुणी विचारत नाही. हिशेबाच्या सभेत ते फार बोलतात, म्हणून चहा त्यांच्यापासून सुरू करतात. पण दिवाळी पहाट जवळ आली आणि पैसे जमेनात, की सगळ्यांना त्यांची आठवण होते.

यंदाही तसंच झालं. आमचा सेक्रेटरी बंड्या मनाने सोन्यासारखा आणि बोटांनी भलता चपळ. त्याने व्हॉट्सअॅपवर चाळीस दुकानदारांची एक यादी केली आणि एका दमात सगळ्यांना निरोप सोडला :

‘नमस्कार शेठ! यंदा पण दिवाळी पहाट करतोय. लय भारी होणारे. पहाटे ५ ला सुरू. मागच्या वेळी पब्लिक तुफान होती. तुमचं काहीतरी हवंच, फूल ना फुलाची पाकळी. नाव तुमचंच सगळ्यात वर. चौकात मोठा फ्लेक्स लावू. टॅक्समध्ये पण सूट मिळते. माझ्याच नंबरवर जीपे करा, बघा आणि कळवा.’

पुढे जोडलेले तीन हात, एक पणती आणि एक अंगठा.

चाळीसपैकी सव्वीस जणांकडून अंगठा परत आला. पैसे आले नाहीत. अंगठ्याला अंगठा, व्यवहार पूर्ण. भानगड वेगळीच झाली. रस्त्याच्या अलीकडचे सराफ आणि पलीकडचे सराफ व्यापारी संघाच्या बैठकीत शेजारी बसले होते. दोघांनी आपापला फोन दाखवला. दोघांचंही नाव सगळ्यात वर होतं. मिठाईवाल्याचंही होतं आणि क्लासवाल्या सरांचंही.

बंड्या मान खाली घालून अप्पांकडे गेला. आम्ही तिघेचौघे मजा बघायला मागून गेलो. अप्पांनी चष्मा चढवला, निरोप कागदावर उतरवून घेतला (पडद्यावरचा मजकूर ते वाचत नाहीत, वाचला तरी मानत नाहीत) आणि लाल पेन उघडलं.

‘तुफान म्हणजे किती?’

‘खूप, अप्पा. पाय ठेवायला जागा नव्हती.’

‘मंडपवाल्याचं बिल आण.’

बिलावर खुर्च्या ४०० होत्या. अप्पांनी चहावाल्याचंही बिल मागवलं. कागदी कप ५०० आणले होते आणि ३० उरले होते. म्हणजे ४७०. त्यातून चहा दोनदा घेणारे आणि कार्यकर्ते अप्पांनी स्वतःच्या अनुभवावरून वजा केले आणि कागदावर लिहिलं, ‘सुमारे ४०० रसिक’. बंड्या कळवळला. ‘हजार लिहा की अप्पा, कोण मोजतंय?’ अप्पा म्हणाले, ‘सराफ मागच्या वर्षी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्या माणसाची नजर तोळ्यामाशाची आहे.’

मग वेळ. उघड्या मैदानावर पहाटे ५ ला ध्वनिक्षेपक लावता येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली आहे. अप्पांनी ‘पहाटे ५’ खोडून ‘सकाळी ६’ केलं. ‘अप्पा, मग ती पहाट कसली?’ असं कुणीतरी म्हणालं. ‘नाव पहाटच ठेवा, परवानगी सकाळची घ्या,’ अप्पा म्हणाले. प्रायोजक पैसे देतो तो पोलीस येऊन माइक बंद करतील त्या कार्यक्रमाला नव्हे, हे त्यांचं म्हणणं कुणाला खोडता आलं नाही.

चौकातला फ्लेक्सही असाच उडाला. महापालिकेच्या परवानगीशिवाय तो लावता येत नाही, आणि लावलाच तर उतरवून नेतात तेव्हा त्यावर सराफांचा हसरा चेहरा असतो. त्याऐवजी ‘कार्यक्रमस्थळी रंगमंचामागे १० बाय ४ फुटांचा फलक’ आला.

सर्वांत जास्त लाल शाई सांडली ती ‘टॅक्समध्ये सूट’वर. आमच्या मंडळाकडे ऐंशी-जीचं प्रमाणपत्र नाही. आणि असतं तरी, ज्या पैशाच्या बदल्यात आपण नाव झळकवतो ते दान कसलं? ती जाहिरात. दुकानदार ती धंद्याच्या खर्चात दाखवतो, आणि त्याला हवी असते पक्की पावती. शिवाय एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिलं तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. म्हणून अप्पांनी ‘सूट’ काढून ‘धनादेश अथवा बँक खात्यात, मंडळाच्या नावे’ असं लिहिलं. बंड्याच्या नंबरकडे त्यांनी फक्त पाहिलं. बंड्याने तो स्वतःच खोडला.

राहिलं ‘काहीतरी’. या शब्दावर अप्पा अर्धा तास बोलले. माणूस ‘काहीतरी द्या’ म्हणाला की समोरचा ५०१ देतो आणि उपकार केल्यासारखा वर्षभर ओळख दाखवतो. अप्पांनी खर्च मांडायला लावला. कलाकारांचं मानधन, मंडप, ध्वनी आणि प्रकाश, छपाई, चहा-फराळ मिळून १,८०,०००. सभासदांची वर्गणी ४०,०००. उरले १,४०,०००. त्याचे तुकडे पाडले : मुख्य प्रायोजक एकच, ५०,०००, सहप्रायोजक तीन, प्रत्येकी २०,०००, शुभेच्छुक तीन, प्रत्येकी १०,०००. आणि मुख्य प्रायोजक ज्या धंद्याचा, त्या धंद्याचा दुसरा कुणी यादीत नाही. दोन सराफांचं भांडण या एका ओळीने मिटलं. म्हणजे एक सराफ मिळाले, दुसरे गेले ते गेलेच.

इथवर अप्पांचं कौतुक. आता त्यांचा दुसरा अवतार.

हे सगळं हातात असताना अप्पांनी जो पहिला मसुदा केला, तो दोन पानी होता. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की’ अशी सुरुवात. मग मंडळाची स्थापना, संस्थापकांचं स्मरण, संस्कृतीची आजची अवस्था, दिव्याचं तेज, सुरांचं तेज. रकमेचा उल्लेख दुसऱ्या पानाच्या तळाशी, तोही ‘यथाशक्ती’ला टेकून. बंड्याचं ‘काहीतरी’ अप्पांनी रेशमी वस्त्र नेसवून परत आणलं होतं.

हे बोलायची हिंमत आमच्यात नव्हती. बोलल्या त्या बँकेतल्या ताई. कर्जाच्या अर्जांमुळे त्यांना पत्रं वाचायची नव्हे, चाळायची सवय. ‘अप्पा, शेठ गल्ल्यावर उभे असतात. समोर गिऱ्हाईक असतं. त्यांची नजर विषयावर जाईल आणि आकड्यावर जाईल. आकडा विषयातच घाला.’

अप्पा दुखावले. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी एक पानी पत्र घेऊन आले. जावक क्रमांक घातलेला होता, म्हणजे त्यात आता बदल होणार नव्हता.

‘विषय : दिवाळी पहाट कार्यक्रमाचे मुख्य प्रायोजकत्व (रु. ५०,०००) स्वीकारण्याबाबत.

महोदय,

नरक चतुर्दशीस सकाळी ६ ते ८.३० या वेळेत आमचे मंडळ भावगीते व नाट्यसंगीताचा विनामूल्य कार्यक्रम आयोजित करीत आहे. गतवर्षी सुमारे ४०० रसिक उपस्थित होते. त्यांत परिसरातील सोसायट्यांतील कुटुंबे बहुसंख्य होती. कार्यक्रमाचा खर्च रु. १,८०,००० असून सभासदांकडून रु. ४०,००० जमा होतात. उर्वरित रकमेपैकी रु. ५०,००० आपण मुख्य प्रायोजक म्हणून द्यावेत, अशी विनंती आहे.

मुख्य प्रायोजक एकच असेल. रंगमंचामागील फलकावर आणि निमंत्रणपत्रिकेवर आपल्या पेढीचे नाव राहील, मध्यंतरात निवेदकांकडून आपला उल्लेख होईल आणि पुढील रांगेतील १० आसने आपणांसाठी राखून ठेवू. रकमेची रीतसर पावती देण्यात येईल. छपाईसाठी आपला निर्णय कोजागरी पौर्णिमेपर्यंत कळावा.

सोबत : अंदाजपत्रक, मंडळाच्या नोंदणीची प्रत, गतवर्षीची दोन छायाचित्रे.’

‘पत्रिका छापून झाल्यावर हो म्हटलं तर नाव कुठे घालू, टाचणी लावून?’ असं ताईंनी विचारलं म्हणून शेवटच्या मुदतीचं वाक्य आलं. नाट्यसंगीत अप्पांनी स्वतःहून घातलं. भावगीतं ऐकायला येणारा माणूस सोनं घेतो की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

पत्र द्यायचं कधी, हेही अप्पाच ठरवतात. गणपतीत दुकानदार वर्गणीवाल्यांनी वेढलेला असतो आणि लगेच पितृपक्ष लागतो. तेव्हा कुणी पाकिटाला हात लावत नाही. पितृपक्षात पत्रं टाइप करायची, घटस्थापनेला वाटायची. वाटायची म्हणजे हातात द्यायची आणि स्थळप्रतीवर सही-शिक्का घ्यायचा. पोच घेतल्याशिवाय अप्पा दुकानाची पायरी उतरत नाहीत. गिऱ्हाइकं ताटकळली तरी नाही.

अलीकडच्या सराफांनी पत्र वाचलं आणि एकच प्रश्न विचारला. ‘त्याच सकाळी फडके रोडवर सगळी तरुण मंडळी जमतात. मी तिकडे बॅनर लावला तर?’ बंड्या गडबडला. अप्पा शांतपणे म्हणाले, ‘तिथली मुलं उभ्याने फोटो काढतात आणि जातात. आमच्याकडे त्यांचे आईवडील अडीच तास बसतात. आणि दोनच दिवसांनी पाडवा आहे.’

सराफांनी पाडव्याच्या मुहूर्ताचा मनातल्या मनात हिशेब केला असावा. धनादेश दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. सहप्रायोजक तिन्ही मिळाले. शुभेच्छुक दोनच मिळाले. तिसऱ्याची जागा पलीकडच्या सराफांसाठी राखावी, असं बंड्याचं म्हणणं होतं, पण अप्पांनी स्वतःच केलेला नियम मोडू दिला नाही. कमी पडलेले १०,००० कार्यकारिणीने वाटून भरले. अप्पांच्या वाट्याचे त्यांनी पावती घेतल्यावरच दिले.

कार्यक्रम झाल्यावर आठवड्याच्या आत सर्व प्रायोजकांना आभारपत्रं गेली. सोबत फलकाचा फोटो होता, त्यांचं नाव वाचता येईल असा. बंड्याने दरवर्षीप्रमाणे ‘धन्यवाद शेठ’ आणि जोडलेले हात पाठवले होतेच. त्याला अप्पांनी हरकत घेतली नाही, फक्त त्याचा जावक क्रमांक विचारला.

तुमच्या मंडळालाही असं पत्र हवं असेल तर अप्पा घरीच असतात. दुपारी दोन ते चार सोडून कधीही या. येताना मंडपवाल्याचं आणि चहावाल्याचं गेल्या वर्षीचं बिल तेवढं आणा.