राणीच्या मनात काय होतं?

वाशिमची एक मुलगी न्हाऊन उठली, केस अजून ओले, डोळ्यांतलं काजळ धुतलं गेलेलं, आणि तेवढ्यात ती थेट एका परक्या राजाच्या दरबारात जाऊन उभी राहिली. अकोला-पूर्णा रेल्वेला हे जमणारं नाही. हे काम भैरवानंद नावाच्या एका तांत्रिकानं केलं, तेही थोडी ढोसलेल्या अवस्थेत, आणि ते राजशेखरानं साधारण हजार-अकराशे वर्षांपूर्वी ‘कर्पूरमंजरी’ या नाटकात लिहून ठेवलं. सबंध नाटक प्राकृतात आहे. त्यात विदूषक राजाला सांगतो, की दक्षिणापथात वच्छोम नावाचं नगर आहे आणि तिथं त्यानं एक कन्यारत्न पाहिलं आहे. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम. १९३९ साली इथं वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला, त्यातही वत्सगुल्माचं नाव आहे आणि दानाचा मजकूर प्राकृतातच आहे.

तर या पहिल्या प्रवेशावरून आमच्या वाचनकट्ट्यावर जुंपली. प्रवेश लहानसा आहे. चंडपाल राजा भैरवानंदाला काहीतरी अद्भुत दाखवायला सांगतो. विदूषक वच्छोमच्या मुलीचं नाव पुढं करतो, मुलगी येते, राजा बघतच राहतो. विचारपूस होते तेव्हा कळतं, की ही राणीची सख्खी मावसबहीण. राणी तिला मिठी मारते आणि भैरवानंदाला विनवते, की हिला काही दिवस माझ्याजवळच राहू द्या. झालं. एवढ्यावर आमच्या कट्ट्यावरच्या एका काकूंनी निकाल देऊन टाकला : “राणीनं तिले ठेवून घेतलं काहून? नजरेसमोर राहावी म्हणून! नवऱ्याचे डोळे कुठं गेले ते बाईले कळत नाही का?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. विचार मोठा चतुर आहे आणि संसारी अनुभवातून आलेला आहे. गडबड एवढीच, की संहिता त्याला साथ देत नाही.

संस्कृत-प्राकृत नाटकांत रंगसूचना फार तुटपुंज्या असतात. दिवाणखान्यात डावीकडे कोच, उजवीकडे फोन, असला थाट तिथं नाही. पण एका बाबतीत ही मंडळी फार काटेकोर होती : कुठलं वाक्य कोणाला ऐकू गेलं. ‘प्रकाश’ म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. ‘स्वगत’ म्हणजे फक्त आपण प्रेक्षकांनी. ‘जनान्तिक’ असेल तर नट अनामिका दुमडून बाकीची बोटं उभी ठेवतो, त्या हाताचा आडोसा करतो आणि एकाशीच बोलतो. ‘अपवार्य’ म्हणजे बाकीच्यांकडे पाठ फिरवून एकाच्या कानात. शेजारी उभा असलेला माणूस त्या क्षणी बहिरा, असा सरळ करार आहे. तो मोडून हेतू शोधायला निघालं, की पात्राच्या डोक्यात आपण आपलंच डोकं बसवतो.

आता राणीकडे या. राजाचं बरंचसं विरघळणं विदूषकाच्या कानापाशी चाललेलं असतं. ते आपण ऐकतो, राणी ऐकत नाही. राणी काय ऐकते? मुलगी सांगते, की तिचे वडील कुंतलचे राजे वल्लभराज. राणी स्वतःशी म्हणते, हे तर माझ्या मावशीचे यजमान. मुलगी आईचं नाव शशिप्रभा सांगते. राणी पुन्हा स्वतःशीच : ही तर माझी मावशी. मग मावशीच्या पोटी असं रूप येणारच, असा कौतुकाचा विचार, तोही स्वगतच. आणि त्यानंतर ती उघड बोलते : म्हणजे तू कर्पूरमंजरी. लागोपाठ ही स्वगतं आहेत, आणि एकातही राजाचं नाव नाही. स्वगतात माणसाला खोटं बोलायचं काही कारण नसतं. जळफळाट असता तर राजशेखरानं तो इथंच ठेवला असता, जागा रिकामीच होती. शिवाय मिठी आधी आणि विनवणी नंतर, हा क्रमही बघण्यासारखा आहे. माहेरचं माणूस अचानक दारात उभं राहिलं, की वऱ्हाडातली कुठलीही बाई काय करते? दोन दिवस राहा म्हणते. यात राजकारण शोधायला आपण राजे नाही.

काकू ऐकून घेतात, पण हरत नाहीत. “पण डोळ्यानं तर दिसलं असंल तिले,” त्या म्हणाल्या. बरोबर आहे, दिसलं असेल. राजा टक लावून बघतोय हे नवख्या मुलीलासुद्धा दिसलं. ती स्वगतात एकेकाला ओळखते : हा कोणी थोर राजा असावा, ही त्याची राणी दिसते. मग तिला प्रश्न पडतो, की बायको शेजारी असताना हा माणूस माझ्याकडे असा का बघतो? पण दिसलं असेल आणि दिसलं यांत फरक आहे. मुलीला दिसल्याचा पुरावा तिच्या तोंडी आहे, राणीला दिसल्याचा कुठंच नाही. काम करणारी नटी भुवई उडवून तो घालू शकते, तिचा तो हक्क. मग ती भुवई नटीची झाली, राजशेखराची नव्हे.

त्या मुलीच्या प्रश्नापुढं मात्र जी सूचना येते, ती वाचून मी तरी पुस्तक खाली ठेवलं. हा असा का बघतो, असं स्वतःला विचारून झाल्याबरोबर ती त्याच्याकडे तिरप्या नजरेनं बघते. शब्द तक्रारीचे आणि नजर भलतीकडे. नुसतं स्वगत वाचलं तर मुलगी बावरलेली वाटेल, नुसती सूचना वाचली तर धीट. दोन्ही शेजारी ठेवली की खरी मुलगी दिसते : बावरलेली आहे, पण तिला ते वाईट वाटलेलं नाही.

आणि खरा संशयित तर बाजूलाच राहिला. विदूषक! या प्रवेशाच्या थोडं आधी राणीच्या विचक्षणा नावाच्या दासीशी त्याची कवितेची चढाओढ लागते. तो हरतो, तेही राणीसमोर, आणि रुसून निघून जातो. परत येतो तो भैरवानंदाची वर्दी घेऊनच. मग राजा त्याच्याकडे बघून विचारतो, की एखादं स्त्रीरत्न कुठं पाहिलंस का? हा पठ्ठ्या क्षणाचाही विचार न करता गावाचं नाव सांगतो. राणीच्या गोटाकडून मार खाल्लेला माणूस राणीच्या घरात सवत आणायची सोय करतो आहे! हा सुगावा मला काकूंच्या सुगाव्यापेक्षा भक्कम वाटतो, कारण त्याचा अपमान सर्वांदेखत, उघड झालेला आहे. तरी मी पैज लावणार नाही. नायिका रंगमंचावर आणायची घाई विदूषकापेक्षा नाटककारालाच जास्त असते, आणि ती घाई आपण पुष्कळदा पात्राच्या खात्यावर मांडतो. कुंतलच्या राजाची मुलगी वच्छोमात काय करत होती, हेही नाटक तिथं सांगत नाही. त्यातूनही कोणी हेतू काढील.

काकूंचा निकाल आला कुठून, ते उघड आहे. त्यांनी नाटक शेवटपर्यंत वाचलंय. पुढं राणीला सारं कळतं, ती बहिणीला कोंडते, पहारे बसवते, आणि राजा-विदूषक भुयारं शोधत फिरतात. ती राणी मत्सरी आहेच, त्यावर माझा वाद नाही. पण तिथला राग उचलून पहिल्या जवनिकांतरातल्या, म्हणजे पहिल्या अंकातल्या, मिठीत कोंबता येणार नाही. त्या दिवशी राणीला फक्त एक बहीण भेटली होती. काकूंना हे मान्य नाही, आणि पुढच्या बैठकीला त्या दुसरं जवनिकांतर घेऊन येणार आहेत.