‘कोण?’ला एवढं मोठं उत्तर

चॅटबॉट सुरू करणाऱ्या प्रत्येक संस्थेला वाटतं, की गिऱ्हाईक पहिल्याच मेसेजमध्ये ‘माझ्या मुदत ठेवीवरील देय व्याजाचा तपशील कृपया कळवावा’ असं व्यवस्थित लिहील. गिऱ्हाईक लिहितं ‘कोण?’ किंवा रोमन अक्षरांत ‘kon’. फार झालं तर ‘काय काय करता?’ काहींचं तर नुसतं प्रश्नचिन्ह येतं. वहीतून नंबर सापडलेला असतो, पलीकडे कुणी आहे का हे बघायचं असतं, तेवढंच.

या एका शब्दाला काय उत्तर द्यायचं, हे ठरवायला आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेने बैठक बोलावली होती. नाव सांगत नाही, माझी ठेव आहे तिथे. मला ‘मराठी तपासायला’ बोलावलं होतं, म्हणजे काना-मात्रा बघायच्या आणि वडापाव खायचा.

टाइप करून आणलेला मसुदा समोर ठेवला गेला. सुरुवात देवीच्या नावाने. मग संस्थापकांचं पुण्यस्मरण, संस्थेची स्थापना, ठेवींचा आकडा, ‘सभासदांचा विश्वास हीच आमची पुंजी’ आणि त्याखाली ‘नमस्कार! मी सई, तुमची हक्काची मैत्रीण! मी तुम्हाला कोणत्याही बाबतीत मदत करू शकते!’ शेवटी चौदा सेवांची यादी आणि हात जोडलेल्या चिन्हांची एक अख्खी ओळ. फोनच्या पडद्यावर हे उघडलं, की बिचारी सई ‘अधिक वाचा’च्या खाली जाते. विचारणाऱ्याला दिसतात ते संस्थापक, आणि ते तर कै. झालेले.

चौदा सेवांपैकी किती गोष्टी हे यंत्र स्वतः पार पाडतं, असं मी सहज विचारलं. आयटीवाल्या मुलाने खाली बघत सांगितलं, तीन. खात्यातली शिल्लक, पुढच्या हप्त्याची तारीख आणि शाखेची वेळ. मग ‘सोनेतारण कर्ज’? ते निवडलं की शाखेचा पत्ता येतो. ‘वाहन कर्ज’? तोच पत्ता. ‘तक्रार निवारण’? पत्ताच, फक्त वर ‘आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे’ असं जास्त. म्हणजे यादीतल्या अकरा ओळी हे एकाच पत्त्याकडे जाणारे अकरा रस्ते होते. व्हाइस चेअरमन म्हणाले, ‘‘असू द्या हो, यादी भरलेली दिसते.’’ यादी भरलेली दिसते म्हणूनच तर माणूस ‘तक्रार’ दाबतो, तक्रार लिहून टाकतो आणि ती नोंदवली गेली असं समजून आठवडाभर गप्प बसतो. यंत्र काय करू शकतं, या प्रश्नाला उत्तर म्हणून संस्था काय काय करते ते सांगणं, हा या धंद्यातला सगळ्यात रुळलेला खोटेपणा आहे.

दुसरा खोटेपणा सईचा. सईला लग्नाळू मुलीसारखा फोटोही निवडून ठेवला होता. ‘‘नाव दिलं की आपुलकी वाटते,’’ असं एका संचालकांचं म्हणणं. नावाला हरकत नाही, आपण ट्रकलाही नावं देतो. पण ‘कोण?’ विचारणाऱ्याला माणूस की यंत्र हेच जाणून घ्यायचं असतं, आणि त्याचं उत्तर ‘हक्काची मैत्रीण’ असं आलं, की तो रात्री अकरा वाजता सईताईला लिहितो, आई दवाखान्यात आहे, या महिन्याचा हप्ता पुढे ढकला. सईकडे त्याला द्यायला शाखेचा पत्ता आहे.

हा खेळ मोठ्यांनीही खेळून बघितलाय. 2018 च्या मे महिन्यात गूगलने ड्युप्लेक्स नावाचं यंत्र दाखवलं. ते सलूनला फोन करून वेळ ठरवत होतं आणि मध्येच माणसासारखं ‘अम्’, ‘हंऽऽ’ करत होतं. ज्याला अडखळायची काही गरज नाही, त्याला मुद्दाम अडखळायला शिकवलेलं! समोरच्या बाईला फसवता कशाला, अशी ओरड झाली आणि फोन केल्यावर यंत्राने आपली ओळख सांगावी, असं कंपनीला कबूल करावं लागलं. 1 जुलै 2019 पासून तर कॅलिफोर्नियात कायदाच आहे, की विक्रीसाठी किंवा मतांसाठी बॉट लावून, तो माणूस असल्याचं भासवून, लोकांची दिशाभूल करायची नाही. हे मी बैठकीत सांगितलं. ‘‘आपण कॅलिफोर्नियात नाही,’’ असं संस्थेच्या वकिलांनी निदर्शनास आणून दिलं.

मग मसुदा छाटायला घेतला. देवी पहिल्यांदा गेली, कारण तिच्या नावाने कोणी दुखावणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. संस्थापकांना वेळ लागला. शेवटी उरलं ते असं: ‘मी पतसंस्थेचा स्वयंचलित मदतनीस आहे, माणूस नाही. खात्यातली शिल्लक, पुढच्या हप्त्याची तारीख आणि शाखेची वेळ सांगू शकतो. पैसे पाठवणं, कर्ज किंवा तक्रार माझ्याकडे होत नाही, त्यासाठी माणसाशी बोला. तुम्हाला काय हवंय?’

‘‘काय होत नाही ते कशाला सांगायचं?’’ मॅनेजरांना झोंबलं. पण हेच वाक्य सर्वांत जास्त फेऱ्या वाचवतं. ज्याला कर्ज हवंय तो तिथूनच वळतो. एरवी तो सहा बटणं दाबून, चिडून, शेवटी शाखेतच येतो आणि मॅनेजरांवर ओरडतो.

‘आम्ही ओटीपी मागत नाही’ ही ओळ वर हवी, असा आग्रह झाला. आग्रह रास्त होता, जागा चुकीची. ठकसेनसुद्धा हीच ओळ आधी लिहितो. आपण खरे आहोत हे यंत्राने स्वतःच्या तोंडाने कितीही सांगितलं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. म्हणून कोणी पुढे ‘खरंच का?’ असं विचारलं, तर तेव्हा वेगळं उत्तर ठेवलं: ‘खात्री करायची असेल तर पासबुकावर छापलेल्या नंबरवर फोन करा.’ न विचारणाऱ्याला ते ऐकवायचं नाही.

आता बटणं. व्हॉट्सअ‍ॅप अशा उत्तराखाली जास्तीत जास्त 3 बटणं देतं आणि एका बटणावर 20 अक्षरांची मर्यादा. ‘शाखेतल्या माणसाशी बोला’ हे डोळ्यांना दहा अक्षरं दिसतं, पण संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त आणि मोकळी जागा सगळं सुटं मोजतो. ते भरतं 22. मग ‘शाखेतल्या’ गेलं, ‘माणसाशी बोला’ राहिलं. संचालक मंडळाला जे चर्चेने जमलं नव्हतं, ते दोन अक्षरांच्या अडचणीने झालं. उरलेल्या बटणांवर ‘शिल्लक’ आणि ‘हप्ता’.

उत्तर बरं आहे की नाही हे कसं कळायचं, यावर मतदान घ्या असं कोणी तरी सुचवलं. त्यापेक्षा लोकांचा दुसरा मेसेज बघा, असं आयटीवाला मुलगा म्हणाला. दुसऱ्या मेसेजात ‘शिल्लक’ आली तर उत्तर लागू पडलं. पुन्हा ‘कोण?’च आलं, किंवा ‘हॅलो, ताई आहात का?’ आलं, तर पहिल्या उत्तरातून काहीच पोचलं नाही, मग त्याची भाषा कितीही शुद्ध असो. हे ऐकून काना-मात्रावाल्या मी वडापाव खाली ठेवला.

मसुदा चेअरमनांकडे गेला. त्यांनी दोनदा वाचला, ‘छान, सुटसुटीत’ म्हणून सही केली आणि समासात एक छोटीशी दुरुस्ती सुचवली: सईचा फोटो काढून तिथे अध्यक्षांचा लावावा. ती एकमताने मंजूर झाली. त्यामुळे सोमवारपासून आमच्या पतसंस्थेच्या नंबरवर ‘कोण?’ असं पाठवलंत, तर फेट्यातले चेअरमन प्रसन्न मुद्रेने तुम्हाला कळवतील, की मी माणूस नाही.