चार ओळींचा राजीनामा

मानोऱ्यातला पोरगा पुण्याच्या कंपनीत कनिष्ठ पदावरून राजीनामा द्यायला बसला की शाळेतला रजेचा अर्ज त्याच्या बोटांत शिरतो: ‘सविनय’, ‘कौटुंबिक कारणास्तव’, ‘मोठ्या मनाने’, आणि शेवटी ‘शक्य असल्यास मुक्त करावे’. ही शेवटची विनवणीच घात करते. कारण साहेब तिला ‘सध्या शक्य नाही’ असं उत्तर देतात आणि राजीनाम्याची विनंती होऊन बसते. खरं तर मजकूर एवढाच हवा: ‘मी कनिष्ठ लेखापाल पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील 30 दिवसांच्या नोटिशीनुसार आज, 1 जुलैपासून मोजता, माझा शेवटचा दिवस 31 जुलै असेल. कामाचे हस्तांतरण 25 जुलैपर्यंत पूर्ण करेन. कार्यमुक्तिपत्र व अंतिम हिशेब द्यावा.’

कोणी म्हणेल, हे उद्धट झालं, कारण तरी सांगावं. पण कारण लिहिलं की वाटाघाट सुरू होते. ‘पगार कमी’ म्हटलं तर पाचशे वाढवून मिळतात, ‘आई आजारी’ म्हटलं तर आईची चौकशी आणि नोटीस दोन्ही लांबतात. आभार मानायचेच असतील, तर पाचवी ओळ मोकळी आहे. साहेबांना मात्र चारच ओळींत अपमान दिसतो. त्यांनी दिलेलं नियुक्तिपत्र बारा पानांचं होतं ना.