शून्यांचा खुलासा

संशोधनपत्रिकेचा पहिला रिव्ह्यूअर बहुधा देवमाणूस असतो. ‘लेख उत्तम, फक्त तक्ता 2 मध्ये एकक राहिलंय’ एवढं सांगून तो अंतर्धान पावतो. दुसरा रिव्ह्यूअर मात्र लेख वाचतो.

आमचा लेख सोयाबीनवरच्या स्पोडोप्टेरा अळीबद्दल होता. पाच टक्के निंबोळी अर्क फवारलेल्या आणि न फवारलेल्या प्लॉटमधल्या ओळींत, दर मीटरमागे किती अळ्या, एवढाच प्रश्न. त्यावर दुसऱ्या रिव्ह्यूअरने विचारलं, ‘निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल का निवडलं, हे समजत नाही. कीटकांच्या मोजणीसाठी प्रचलित असलेलं वर्गमूळ रूपांतर करून अनोव्हा का केला नाही? शिवाय इतकी शून्यं असताना झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल का वापरलं नाही?’ म्हणजे एकाच दमात आजोबांचा हट्ट आणि नातवाची फॅशन. दोघांचं एकमेकांशी पटणार नाही, पण माझ्याविरुद्ध त्यांनी युती केली होती.

उत्तराच्या पत्राची एक ठरलेली भाषा असते. ‘या अत्यंत मौलिक सूचनेबद्दल आम्ही मान्यवर परीक्षकांचे ऋणी आहोत’ हे वाक्य दात ओठ खात टाइप केलं, तरी कागदावर अगदी नम्र दिसतं. माझा पहिला मसुदा ऋणाच्या ओझ्याने वाकलेला होता आणि त्यात उत्तर कुठेच नव्हतं. ‘निगेटिव्ह बायनॉमियल हे या क्षेत्रात सर्रास वापरलं जातं’ असं मी ठणकावलं होतं. आमच्या सरांनी त्यावर पेन्सिलीने एवढंच लिहिलं, ‘वर्गमूळही सर्रास वापरतात. मग?’

मग मी आकड्यांकडे गेले. न फवारलेल्या प्लॉटमधल्या 200 नमुन्यांत दर मीटरला सरासरी 2 अळ्या होत्या. आकडे सरासरीभोवती किती पांगलेत, त्याचं माप म्हणजे प्रचरण. ते होतं 9. मोजणीचं सगळ्यात साधं मॉडेल पॉयसनचं. त्यात सरासरी आणि प्रचरण सारखंच असावं लागतं. आमच्याकडे प्रचरण सरासरीच्या साडेचार पट होतं.

पॉयसन कधी शोभतो, याचं लाडकं उदाहरण प्रशियाच्या सैन्याचं आहे. 1898 साली बोर्टकीविचने घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांची मोजणी छापली. 10 कोअर, 20 वर्षं, म्हणजे नोंदी बरोबर 200. एकही मृत्यू नाही, अशा नोंदी 109; पॉयसनचा अंदाज 108.7. इतका चोख, कारण घोडे आपसांत ठरवून लाथा मारत नाहीत. एकाची लाथ दुसऱ्याला उत्तेजन देत नाही.

अळ्यांचं तसं नसतं. मोजणीला आमच्याबरोबर असणाऱ्या मावशींनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ‘मॅडम, ह्या काय पेरल्यासारख्या पसरत्यात व्हय? एका पानामागं सगळं खानदान बसतंय.’ स्पोडोप्टेराची मादी शेकडो अंडी एकाच पुंजक्यात घालते आणि लहान अळ्या सुरुवातीला त्याच पानावर एकत्र जेवतात. त्यामुळे एका मीटरमध्ये पंगत बसलेली, तर शेजारच्या मीटरमध्ये शुकशुकाट. प्रचरण 9 होण्याचं कारण मावशींच्या वाक्यात होतं. पत्रात मी ते ‘या प्रजातीच्या समूहाने अंडी घालण्याच्या सवयीमुळे’ असं लिहिलं. खानदान हा शब्द सरांनी काढायला लावला.

निगेटिव्ह बायनॉमियलमध्ये पॉयसनपेक्षा एक प्राचल जास्त असतं. कीटकशास्त्रात त्याला k म्हणतात. k जितका लहान, तितका गठ्ठा दाट. प्रचरणाचं सूत्र सरासरी अधिक सरासरीचा वर्ग भागिले k. सरासरी 2 आणि प्रचरण 9 घातलं, की k येतो सुमारे 0.57.

आता आजोबांचा हट्ट. वर्गमूळ रूपांतरात प्रत्येक आकड्यात 0.5 मिळवून वर्गमूळ काढतात. कृषी विद्यापीठातल्या प्रबंधांत ते इतकं मुरलंय, की तक्त्याखाली ‘कंसातील आकडे √(x+0.5)’ ही तळटीप नसेल तर प्रबंधाला बाइंडर हात लावत नाही, असा माझा समज होता. बार्टलेटने 1936 साली या रूपांतराचा पाया घातला, तो पॉयसनसारख्या आकड्यांसाठी. तिथे ते प्रचरण आटोक्यात आणतं. पण जिथे प्रचरण सरासरीच्या साडेचार पट आहे, तिथे त्याची मात्रा पुरत नाही. शिवाय आमच्या 200 पैकी 88 नमुन्यांत अळीच नव्हती. रूपांतरानंतर त्या 88 शून्यांचं काय होतं? प्रत्येकाचं 0.71 होतं. ढीग तसाच राहतो, फक्त त्याचा पत्ता बदलतो.

उरला नातू. झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल म्हणतं, की शून्यं दोन जातींची असतात. दुकान उघडं असूनही गिऱ्हाईक आलं नाही, हे एक शून्य. दुकानच बंद होतं, हे दुसरं. काही ओळी आधीच फवारलेल्या असत्या किंवा त्यांत पीकच उगवलं नसतं, तर ती बंद दुकानं ठरली असती. आमच्या प्रत्येक मीटरमध्ये सारख्याच वयाचं सोयाबीन होतं आणि पतंगाला कुठेही उतरायला मोकळीक होती. पण हे झालं बोलणं. रिव्ह्यूअरला मोजदाद हवी असते.

म्हणून पत्रात एक तीन ओळींचा तक्ता टाकला. 200 नमुन्यांत शून्यं किती असावीत? पॉयसन म्हणतो 27. निगेटिव्ह बायनॉमियल म्हणतं 85. प्रत्यक्षात 88. म्हणजे ज्या शून्यांची रिव्ह्यूअरला इतकी काळजी होती, ती अळ्यांच्या गठ्ठ्यानेच तयार केली होती. बंद दुकानं कल्पायची गरज नव्हती. ‘शून्यं फार आहेत’ हे नुसतं बघून ठरत नाही, कुठल्या मॉडेलच्या मानाने फार, हे विचारावं लागतं. बंद दुकान एकही नव्हतं, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. तेही पत्रात लिहिलं, कारण आपण नाही लिहिलं तर तो लिहितो.

शेवटी त्याचं मॉडेलही चालवून दाखवलं. ‘गरज नाही’ असं म्हणण्यापेक्षा ‘करून पाहिलं, हे घ्या’ म्हणणं स्वस्त पडतं. फवारणीने अळ्या जवळपास 45 टक्क्यांनी घटल्या, हे पॉयसन, निगेटिव्ह बायनॉमियल आणि झिरो-इन्फ्लेटेड तिघांनीही सांगितलं. फरक छातीठोकपणात होता. पॉयसनचं विश्वासांतर आमच्यापेक्षा निम्म्याने अरुंद आलं. गठ्ठा न पाहिलेल्या माणसाला जेवढी खात्री असते, तेवढीच. नातवाचं मॉडेल एक जास्तीचं प्राचल खर्चून आमच्याच उत्तरावर आलं.

दुसऱ्या फेरीत रिव्ह्यूअरचं एकच वाक्य आलं, ‘हा तक्ता पत्रात कशाला, मुख्य लेखात घ्या.’ पत्रिकेची शब्दमर्यादा आधीच भरलेली होती. तेव्हा निगेटिव्ह बायनॉमियलच्या थोरवीवर मी लिहिलेले दोन परिच्छेद काढले आणि तिथे तो तक्ता बसवला. सरांनी पेन्सिल उचलली, वाचलं आणि काहीच न लिहिता खाली ठेवली.