सात दिवस म्हणजे नेमके किती?

पुण्यातली एक छोटी संस्था ऑनलाइन मोडी लिपी शिकवते. ध्वनिचित्रमुद्रित पाठांचा एक अभ्यासक्रम आणि रोज संध्याकाळी थेट तासांची एक तुकडी, असे दोन प्रकार. शुल्क दोन्हींचं सारखंच, ४,९९९ रुपये. शिकणाऱ्यांत निवृत्त मंडळी बरीच. कुणाच्या घरी आजोबांची दप्तरं निघालेली असतात, तर कुणाला वाटणीच्या खटल्यातला जुना कागद वकिलाच्या आधी स्वतः वाचायचा असतो. अशा विद्यार्थ्याला नियम वाचायची दांडगी हौस असते.

संस्थेच्या संकेतस्थळावर रिफंडचं एक वाक्य होतं: ‘अभ्यासक्रमात रुजू झाल्यापासून ७ दिवसांच्या आत प्राप्त झालेल्या पात्र विनंत्यांचा परताव्यासाठी विचार करण्यात येईल व मान्यतेनंतर ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही पूर्ण करण्यात येईल.’ हे कुणी लिहिलं याची चौकशी केल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुठल्याशा परदेशी कंपनीचं वाक्य कुणीतरी आणलं, कुणीतरी त्याला धोतर नेसवलं आणि ते तिथं कायमचं राहायला आलं, एवढाच इतिहास हाती लागला.

हे वाक्य सुटसुटीत करण्याचं काम या लेखाच्या लेखकाकडे आलं. ‘तुम्ही लिहिता ना, मग जरा सोपं करून द्या, दोन ओळींचं तर आहे,’ असं संस्थेच्या ताई म्हणाल्या. लेखकानं चहा संपायच्या आत ‘प्राप्त झालेल्या’चं ‘आलेल्या’ केलं, ‘करण्यात येईल’चं ‘करू’ केलं आणि वाक्य मोठ्यानं वाचलं. ते आता सोपं झालं होतं आणि पहिल्याइतकंच अगम्य होतं.

म्हणून त्यानं एक साधी परीक्षा घेतली. कार्यालयातल्या तिघांना एकच प्रश्न विचारला: एखाद्यानं १ तारखेला पैसे भरले, तर रिफंड मागायची शेवटची तारीख कोणती? हिशेब पाहणारे काका म्हणाले, ‘७.’ ताई म्हणाल्या, ‘८.’ आणि जिला दिवसातून दहादा हाच प्रश्न फोनवर विचारला जातो ती मुलगी म्हणाली, ‘सर, मी विचारून सांगते म्हणते.’ कोणाला विचारून, ते तिनं सांगितलं नाही.

काकांच्या हिशेबात पैसे भरल्याचा दिवस पहिला. ताईंच्या हिशेबात तो दिवस बिनकामाचा. हा वाद संस्थेनं काही नव्यानं लावलेला नाही. कायद्यांचा अर्थ लावण्यासाठी आपल्याकडे १८९७ सालचा जनरल क्लॉजेस अॅक्ट आहे. त्याच्या नवव्या कलमानुसार ‘अमुक दिवसापासून’ असं म्हटलं की तो पहिला दिवस मोजणीतून वगळायचा. लेखकानं हे मोठ्या ऐटीत सांगितलं. काकांनी शांतपणे विचारलं, ‘हे मोडी शिकणाऱ्यांना कसं कळणार?’ मुद्दा बिनतोड होता. कलमाचा आधार घेण्यापेक्षा तारखेचं उदाहरण लिहिणं स्वस्त पडतं: १ तारखेला पैसे भरले तर ८ तारखेच्या रात्री ११.५९ पर्यंत. मग सात म्हणजे किती, यावर घरोघरी परिसंवाद भरत नाहीत.

तारीख मिटली तेव्हा ‘रुजू झाल्यापासून’ पुढे आलं. रुजू म्हणजे पैसे भरले तेव्हा, पहिल्यांदा लॉगिन केलं तेव्हा, की तुकडीचा पहिला तास झाला तेव्हा? मुद्रित पाठ पैसे भरल्याबरोबर उघडतात, तिथं फार बिघडत नाही. तुकडीचं मात्र तसं नव्हतं. गणपतीत सवलत जाहीर व्हायची, लोक तेव्हाच पैसे भरायचे आणि तास सुरू व्हायचे दसऱ्यानंतर. पैसे भरल्यापासून सात दिवस मोजले, तर शिक्षकांचं तोंड दिसायच्या कितीतरी आधी रिफंडची मुदत संपलेली असायची. म्हणजे पसंत पडतंय का ते पाहायला सात दिवस, आणि त्या सात दिवसांत पाहायला काहीच नाही. ‘आपण इतके लबाड आहोत?’ असं ताईंनी खऱ्या आश्चर्यानं विचारलं. त्या लबाड नव्हत्या. त्यांनी हे कधी ठरवलंच नव्हतं आणि वाक्यानं ते इतक्या सभ्यपणे झाकलं होतं की त्यांनाही दिसलं नव्हतं. त्या बैठकीत ठरलं: मुद्रित पाठांना पैसे भरल्याच्या दिवसापासून, तुकडीला पहिल्या तासाच्या दिवसापासून.

पुढचा शब्द ‘पात्र’. यावर काकांचं म्हणणं ठाम होतं. सात दिवसांत चोवीसच्या चोवीस पाठ बघून, टिपणं उतरवून, वर पैसे परत मागणारे महाभाग असतात. भीती अनाठायी नव्हती. मोठमोठ्या परदेशी संस्थाही अभ्यासक्रमाचा बराच भाग पाहून झाला असेल तर रिफंड नाकारण्याचा हक्क राखून ठेवतात. पण ‘बराच’ म्हणजे किती, हे नाकारलेल्याला नाकारल्यावरच कळतं. चार पाठांची मर्यादा घालायचं ठरलं. चार पाठ पाहिले म्हणजे काय, यावर पुन्हा बैठक.

कारण संस्थेच्या यंत्रणेत एक पाठ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. एक आजी तिसरा पाठ लावून कुकर बंद करायला उठल्या, वाटेत शेजारीण भेटली, आणि परत येईपर्यंत मोडीतली बाराखडी त्यांच्या रिकाम्या खुर्चीला सहाव्या पाठापर्यंत शिकवून मोकळी झाली होती. नोंदीप्रमाणे आजी अपात्र! लेखकाचं म्हणणं असं की अट अशी हवी जी विद्यार्थ्याला स्वतःच्या पडद्यावर दिसते. संस्थेला आतल्या नोंदीत काय दिसतं, यावर नियम उभा केला की प्रत्येक नकार भांडण होतो. पाठाच्या शेवटी ‘पाठ पूर्ण’ असं बटण होतंच. ते दाबलं की हिरवी खूण येते. मग हिरव्या खुणा मोजायच्या, आणि ती खूण केल्याशिवाय पुढचा पाठ उघडायचा नाही. आपोआप पुढे जाणं त्याच दिवशी बंद केलं. रिफंडचं वाक्य सुधारताना पाठ दाखवण्याची रीतच बदलावी लागली, याचं ताईंना नवल वाटलं. काकांना वाटलं नाही. ते मुळातच आपोआप चालणाऱ्या गोष्टींच्या विरोधात आहेत.

आता राहिले ते ‘५ ते ७ कामकाजाचे दिवस’.

इथं पैशाचा प्रवास समजून घ्यावा लागतो. विद्यार्थ्याची मागणी येते, संस्था ती तपासते, मग काका पेमेंट गेटवेच्या पानावर जाऊन रिफंडचं बटण दाबतात. तिथून पैसे ज्या मार्गानं आले त्याच मार्गानं उलटे निघतात. यूपीआयनं भरलेले बहुधा लवकर पोचतात. कार्डानं भरलेल्यांना गेटवेवाले पाच ते सात कामकाजाचे दिवस सांगतात. म्हणजे संस्थेनं लिहिलेला आकडा प्रवासाच्या शेवटच्या टप्प्याचा होता आणि विद्यार्थी तो मेल पाठवल्याच्या क्षणापासून मोजत होता. त्यात काकांचं एक गुपित होतं. गेटवेतल्या शिलकीतून रिफंड जातो. जमा रक्कम संस्थेच्या बँकेत वळती झाली आणि नवी भरती आली नाही, की बटण दाबूनही पैसे हलत नाहीत. अशा वेळी काका नवा विद्यार्थी यायची वाट बघत. एकाच्या येण्यावर दुसऱ्याचं जाणं अवलंबून, असा प्रकार.

लेखकानं कॅलेंडर काढलं आणि २०२५ च्या दिवाळीतला एक हिशेब मांडला. समजा मागणी आली शनिवारी, १८ ऑक्टोबरला, म्हणजे धनत्रयोदशीला. लक्ष्मी परत मागायला याहून वाईट मुहूर्त नाही. संस्थेला तपासायला तीन कामकाजाचे दिवस लागतात: २० तारीख पहिला. २१ ला लक्ष्मीपूजन, २२ ला पाडवा, बँका बंद. २३ ला भाऊबीज. त्या दिवशी कार्यालय उघडं होतं असं मानायला मन धजत नाही, तरी मानू. २४ ला मान्यता. २५ चौथा शनिवार, २६ रविवार. गेटवेचा पहिला दिवस २७ ला उजाडतो, ३१ ला पाचवा भरतो, मध्ये पुन्हा शनिवार-रविवार, आणि सातवा दिवस येतो ४ नोव्हेंबरला. सात दिवस या शब्दांवर विसंबलेला माणूस सतराव्या दिवशी पैसे बघतो आणि मधले दहा दिवस संस्थेला चोर समजतो. गंमत अशी की नियमाप्रमाणे कुणीही उशीर केलेला नसतो.

काकांनी सुचवलं, ‘मग गेटवेचं शुल्क तरी कापून घेऊ.’ त्यांचंही दुखणं खरं होतं. रिफंड दिला तरी गेटवे आपलं शुल्क बहुधा परत करत नाही. दोन टक्के धरले तर ४,९९९ रुपयांवर सुमारे १०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ११८ रुपये संस्थेच्या खिशातून. ताईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘कापायचे असतील तर आकडा लिहून कापू. नाहीतर पूर्ण देऊ.’ आकडा लिहायची लाज वाटली, म्हणून पूर्ण द्यायचं ठरलं.

दिवसांच्या आकड्यावर मात्र बरीच घासाघीस झाली. लेखकानं २१ सुचवले, तेही साधे, कॅलेंडरवरचे. ‘एकवीस फार वाईट दिसतं हो,’ असं ताई म्हणाल्या. फोनवरची मुलगी, जी आतापर्यंत गप्प होती, म्हणाली, ‘ताई, एकवीस सांगून दहाव्या दिवशी आले तर लोक थँक्यू म्हणतात. सात सांगून दहाव्या दिवशी आले तर मला ऐकवतात.’ ठराव एकमतानं मंजूर झाला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार आल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. त्यामुळे तक्रार अधिकारी म्हणून काकांचं नाव पानावर घातलं. काकांनी त्याआधी केस कापून घेतले.

शेवटी पानावर गेलं ते असं:

‘मुद्रित पाठ घेतले असतील तर पैसे भरल्याच्या दिवसापासून, तुकडीत असाल तर पहिल्या तासाच्या दिवसापासून ७ दिवस मोजा. तो पहिला दिवस मोजू नका. उदाहरण: १ तारखेला पैसे भरले तर ८ तारखेच्या रात्री ११.५९ पर्यंत रिफंड मागता येईल. मुद्रित पाठांत तोवर चारपेक्षा जास्त हिरव्या खुणा झालेल्या नसाव्यात. कारण सांगायची गरज नाही. आम्ही २ कामकाजाच्या दिवसांत हो किंवा नाही कळवू. हो असेल तर त्याच दिवशी पूर्ण रक्कम पाठवू आणि बँकेत दाखवायचा संदर्भ क्रमांक मेलनं देऊ. पैसे ज्या खात्यातून किंवा कार्डावरून आले तिथंच जातील. मागणी केल्यापासून २१ दिवसांत मिळाले नाहीत तर फोन करा. गेटवेकडे पाठपुरावा आम्ही करू.’

‘त्याच दिवशी’ हे दोन शब्द पाळायचे म्हणून गेटवेत दोन-तीन रिफंडांपुरती रक्कम कायम ठेवायचं काकांनी कबूल केलं. नव्या विद्यार्थ्याची वाट बघणं संपलं. संदर्भ क्रमांक देणंही कामाचं निघालं. कार्डाच्या रिफंडाला २३ अंकी क्रमांक असतो. तो बँकेला सांगितला की पैसे कुठं अडकलेत ते शोधता येतं. एरवी बँक संस्थेकडे बोट दाखवते आणि संस्था बँकेकडे.

नवं पान लागल्यावर पहिला फोन आला तो सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांचा. त्यांना रिफंड नको होता. अभ्यासक्रमाचे पैसे न्यू जर्सीतल्या मुलानं त्याच्या कार्डावरून भरले होते, आणि त्यांचा प्रश्न होता की रात्रीचे ११.५९ कुणाचे? पुण्याच्या ११.५९ ला मुलाकडे दुपारचे २.२९ वाजलेले असतात. मुलीनं ‘विचारून सांगते’ म्हटलं नाही. ‘भारतीय वेळ, काका,’ असं तिथल्या तिथं सांगितलं. तेवढ्यानं गृहस्थांचं समाधान झालं नाही. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा मुलाकडे १.२९ होतील, ते पानावर घालणार का, असं त्यांनी विचारलं. ‘भारतीय वेळेनुसार’ एवढं संध्याकाळी वाढवण्यात आलं. न्यू जर्सीचं काय करायचं, ते पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे.