देवनागरीचा मुखवटा

पीडीएफ म्हणजे कुठलं अक्षर कागदावर नेमकं कुठे उभं राहील याचा नकाशा. म्हणून ए-४ पान फोनवर वाचताना प्रत्येक ओळीला बोटाची डावीकडून उजवीकडे वारी घडते. ईपबमध्ये मजकूर वाहता असतो. पडद्याच्या रुंदीनुसार ओळी मोडतात. कॅलिबरमध्ये फाइल टाकली, बटण दाबलं, झालं. निदान इंग्रजी पुस्तकाचं तरी.

मराठी पुस्तक युनिकोडपूर्व फाँटात जुळवलेलं असेल तर फाइलमध्ये मराठी नसतंच. परकी चिन्हं देवनागरीचा मुखवटा लावून बसलेली असतात आणि रूपांतरात तो गळून पडतो. एक ओळ कॉपी करून नोट्समध्ये चिकटवावी. `Ö`, `ü`, `ß` यांची पंगत बसली, तर बटणावरचा विश्वास तिथेच सोडावा.

मग पानांची चित्रं करून ती यंत्राकडून नव्याने वाचून घ्यायची:

```
pdftoppm -r 300 -png pustak.pdf pan
tesseract pan-001.png pan-001 -l mar
```

दुसरी ओळ प्रत्येक पानासाठी चालवावी लागते. त्याआधी चित्रांच्या वरच्या-खालच्या कडा कापाव्यात. नाहीतर ‘तिने दार उघडलं आणि ४७ समोर उभा’ अशी नवकथा तयार होते. तरीही ‘ख’चा ‘रव’ होतोच, त्यामुळे एकदा डोळ्यांखालून घालणं चुकत नाही.

सगळा मजकूर एका फाइलमध्ये जोडून कॅलिबरला देताना परिच्छेदाचा प्रकार `block` निवडावा. मग रिकामी ओळ येईपर्यंतच्या ओळी सलग जुळतात. अभंगही जुळतात, अगदी गद्यासारखे. ते हातानेच पुन्हा तोडावे लागतात.