तळाच्या ओळीतला मी

पाठ्यपुस्तकाच्या पानाचा फोटो काढताना माणसं शीर्षक सोडून बाकी सगळं टिपतात. भाच्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत त्याचा अंगठा होता, पलंगपोसावरची फुलं होती, कोपऱ्यात चिवड्याची बशीसुद्धा होती. तक्ता कुठल्या काळाचा आणि कुठली ओळ कुणाची, हे सांगणारी वरची पट्टी आणि डावी कड तेवढी छाटली गेली होती. उरली ही नऊ घरं:

अगच्छत् – अगच्छताम् – अगच्छन्
अगच्छः – अगच्छतम् – अगच्छत
अगच्छम् – अगच्छाव – अगच्छाम

खाली प्रश्न: 'मावशी, यातला मी कोणता?' प्रश्न अध्यात्माचा नव्हता, उद्याच्या चाचणीचा होता.

फोन लावला. आधी काळ शोधू म्हटलं. नऊच्या नऊ रूपांपुढे 'अ' उभा आहे, म्हणजे गोष्ट होऊन गेलेली. हा लङ् लकार, भूतकाळ. वर्तमानात हाच गम् धातू 'गच्छति' होतो, आज्ञेत 'गच्छतु'. भविष्यात 'गमिष्यति', तिथे मधला 'ष्य' दिसतो आणि 'गच्छ' गायबच होतो. मात्र पुढे 'अ' दिसला की भूतकाळ, असं डोळे मिटून धरायचं नाही. अट् म्हणजे भटकणे, त्याचा 'अ' जन्मजात. 'अटति' म्हणजे तो आत्ता भटकतोय. भटकून झाला की 'आटत्'.

"बरं, मग पहिली ओळ 'मी'ची ना? प्रथम पुरुष!"

त्यानं वहीत 'अगच्छत् – मी गेलो' असं लिहूनही टाकलं होतं, लाल पेनानं चौकट करून. यात पोराचा दोष नाही. मराठीच्या तासाला प्रथम पुरुष म्हणजे मी, आणि संस्कृतच्या परंपरेत प्रथम पुरुष म्हणजे तो, ती, ते. समोर हजर नसलेला माणूस. त्याचा मान पहिला, मग 'तू', तो मध्यम. स्वतः बोलणारा तळाच्या ओळीत. तिथे बसवून वर त्याला 'उत्तम' म्हटलंय, हे मला फार आवडतं. काही पुस्तकं इंग्रजी धर्तीवर 'मी'ला वर घेतात, म्हणून ओळीच्या जागेवर विसंबू नये, शेपट्या बघाव्यात. एकवचनात म्, द्विवचनात व, बहुवचनात म, अशी ओळ सापडली की ती आपली. अगच्छम्, अगच्छाव, अगच्छाम. मी गेलो, आम्ही दोघे गेलो, आम्ही सगळे गेलो.

"दोघांसाठी वेगळा खण?"

हो, मधला उभा रकाना द्विवचनाचा. मराठीत दोघे गेले काय नि दोनशे गेले काय, क्रियापद ढिम्म असतं. संस्कृतात दोघांची सोय वेगळी, तिसरा आला की रूप बदललं. नवीन लग्न झालेल्यांना हा रकाना फार पटतो.

खरी गंमत फोटो मोठा करून बघताना आली. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला 'अगच्छत्' म्हणजे तो गेला, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी 'अगच्छत' म्हणजे तुम्ही सगळे गेलात. फरक एका मोडक्या पायाचा. हलत्या हाताच्या फोटोत तो पाय पहिला नाहीसा होतो आणि एकटा गेलेला माणूस अख्खी वरात होऊन बसतो. तसंच 'अगच्छताम्' आणि 'अगच्छतम्'. मधला काना दिसला तर ते दोघे, पुसला तर तुम्ही दोघे. अंगठा नेमका त्या कान्यावर होता. तरी जागेवरून कळतं: वरच्या ओळीत काना हवा, मधल्या ओळीत नको. म्हणून फोटो आख्ख्या पानाचा काढावा. चिवडा नंतरही खाता येतो.

त्यानं लगेच पुढच्या पानाचा फोटो धाडला. लिट् लकार, परोक्ष भूतकाळ. बोलणाऱ्यानं स्वतः न पाहिलेली गोष्ट. इथे माझी 'म'ची युक्ती कोसळली. वर 'तो'च्या घरात 'जगाम', खाली 'मी'च्या घरातही 'जगाम', कारण तो म धातूचाच. शिवाय अडचण अशी की स्वतः केलेली गोष्ट माणसानं पाहिलेली नाही, हे कसं? जुन्या वैयाकरणांनी यावर तोड काढली आहे: झोपेत किंवा नशेत केलं असेल तर 'मी'लाही लिट् चालतो.

"म्हणजे बाबा घोरतात ते?"

"अगदी बरोबर."

"पण ते म्हणतात, मी घोरतच नाही."

"म्हणूनच लिट्," मी म्हटलं, तर पलीकडून भावजींचा आवाज आला, "कोण घोरतं?"